जेऊर, रायचूर आणि मधलं सोलापूर: चंद्रग्रहण सगळ्यांना दिसतं, सूर्यग्रहण मोजक्यांनाच, असं का?

स्वाती_जुळेसोलापूर

रविवारी, ७ सप्टेंबर २०२५ ला रात्री आम्ही गच्चीवर होतो. ढग ये-जा करत होते, पण अकराच्या सुमारास मोकळं झालं. दुबईला असलेल्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिच्याकडे साडेनऊ वाजले होते. आमच्याकडे चंद्राची शेवटची पांढरी कड गेली आणि त्याच क्षणी ती तिकडून ओरडली, "ताई, गेला गं, पूर्ण लाल झाला!" अंगावर काटा आला. दोन देश, दोन घड्याळं, पण चंद्र एकाच क्षणी झाकला.

माझ्या मुलाने (सातवीत आहे) तिथेच विचारलं की आता २१ तारखेच्या सर्वपित्री अमावस्येला सूर्यग्रहण आहे, तेही मावशीला आणि आपल्याला असंच एकदम दिसेल का? मी पंचांग बघून सांगितलं की ते भारतातून दिसणारच नाही. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. चंद्राचं सगळ्यांना दिसतं, सूर्याचं का नाही? आणि पौर्णिमा दर महिन्याला येते, अमावस्या दर महिन्याला येते, मग राखीपौर्णिमेला का नाही झालं? कोजागरीला का होणार नाही?

मला "चंद्राची कक्षा तिरकी आहे" एवढंच येतं. त्याने विचारलं, "किती तिरकी?" मी म्हटलं, पाच अंश. तो म्हणाला, "पाच अंश म्हणजे काहीच नाही की गं." खरंच, काय सांगू याला?

अक्षय_एमआयडीसी

सोपं आहे ताई. पृथ्वी मोठी, तिची सावली मोठी, म्हणून चंद्रग्रहण सगळीकडे दिसतं. चंद्र लहान, त्याची सावली लहान, म्हणून सूर्यग्रहण थोड्या लोकांना दिसतं. आणि म्हणूनच चंद्रग्रहणं जास्त होतात, सूर्यग्रहणं कमी. आपण आयुष्यात चंद्रग्रहणं किती बघितली आणि सूर्यग्रहणं किती, मोजून बघा.

सुमन_मावशी

मला एक कळत नाही. दर महिन्याला ग्रहण होत नाही असं सगळे म्हणताय, पण चंद्रावर पृथ्वीची सावली तर रोजच पडते ना? म्हणून तर तो बीजेला कोरीएवढा, अष्टमीला अर्धा आणि अमावस्येला दिसेनासा होतो. मग ग्रहण वेगळं काय झालं? शाळेत असंच शिकल्याचं आठवतं.

होटगीरोडकर

मावशी, आधी तुमचं घेतो, कारण हा गोंधळ फार जणांचा असतो आणि तो सुटल्याशिवाय पुढचं जुळणार नाही.

चंद्राच्या कलांमध्ये पृथ्वीची सावली कुठेच नाही. चंद्राचा अर्धा गोळा सूर्याकडे असतो, तो कायम उजळलेला असतो. त्या उजळ अर्ध्यातलं आपल्याला किती दिसतं, ती कला. संध्याकाळी सूर्य बुडायच्या वेळी बीजेची कोर बघा. ती सूर्याच्या अगदी जवळ, पश्चिमेलाच असते. पृथ्वीची सावली असते सूर्याच्या नेमकी विरुद्ध बाजूला, म्हणजे त्या वेळी पूर्वेला क्षितिजापाशी. ती कोरीवर पडणार कशी? सावली चंद्रावर पडायची तर चंद्र सूर्याच्या समोरासमोर हवा, म्हणजे पौर्णिमाच हवी. रविवारी तुम्ही पाहिलं असेल, तर सावलीची कड गोल, वाटीच्या काठासारखी चंद्रावर सरकत होती. अष्टमीच्या चंद्राची मधली रेघ सरळ असते. गोल वाटीची सावली सरळ कशी पडेल?

आता अक्षय. तुमचं अर्धं बरोबर आहे. पृथ्वीची सावली मोठी आहे, पण "सगळीकडून दिसतं" याचं कारण ते नव्हे. समजा सावली लहान असती आणि चंद्राचा फक्त एक तुकडा काळा झाला असता, तरी तो तुकडा दुबई, सोलापूर आणि पर्थ, तिन्हीकडून एकदमच काळा दिसला असता.

आपल्या भाषेत सांगतो. गच्चीवर दोरीवर पांढरी चादर वाळत घातली आहे. तिच्यावर कशाची तरी सावली पडली. ती सावली कोणाकोणाला दिसेल? ज्याच्या गच्चीवरून ती चादर दिसते त्या प्रत्येकाला, आणि सगळ्यांना एकाच वेळी. चंद्रग्रहणात चंद्र ही चादर आहे. तिच्यावरचा उजेडच गेला. ज्याच्या आकाशात त्या वेळी चंद्र आहे, त्या सगळ्यांसाठी गेला.

सूर्यग्रहणात उलट आहे. सूर्याचा उजेड तसूभरही कमी होत नाही. चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, म्हणजे तेव्हा चादर आपण आहोत आणि आपण त्या चादरीवर चालणाऱ्या मुंग्या. जी मुंगी सावलीत आली तिच्यापुरता सूर्य गेला. हातभर लांबच्या मुंगीला पत्ताही नाही. लांब उभं राहून पृथ्वीकडे बघणारा कोणी असता, तर त्याला ती सावली पूर्ण दिसली असती.

म्हणून रविवारचं ग्रहण आशिया, ऑस्ट्रेलिया, पूर्व आफ्रिका इथून नीट दिसलं. अमेरिकेत तेव्हा दिवस होता, चंद्र क्षितिजाखाली होता, तिथे दिसलं नाही. खंडग्रास धरून साडेतीन तास चाललं ते (९:५७ ते १:२६). तेवढ्या वेळात पृथ्वी पन्नासहून जास्त अंश फिरते, त्यामुळे युरोपसारख्या ठिकाणी चंद्र ग्रासलेलाच उगवला. म्हणजे निम्म्याहून जास्त पृथ्वीला काही ना काही दिसतंच.

रेल्वेवाले_काका

मुंगीचा दाखला वाचला आणि १९८० आठवलं.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. तेव्हा मी सोलापुरात नोकरीला नवा होतो. खग्रासचा पट्टा कारवार-अंकोल्याकडून येऊन रायचूरवरून आंध्रात जाणार असं पेपरात आलं होतं. आम्ही तिघे मित्र. सोलापूर ते रायचूर सरळ गाडी, अक्कलकोट रोड, गुलबर्गा, वाडी, यादगीर, रायचूर. आदल्या रात्रीच निघालो. आमच्यातल्या एकाची मावशी गुलबर्ग्याला होती. तो म्हणाला, "आता दीडशे किलोमीटरसाठी कशाला पुढं जायचं? सूर्य तोच आहे की." आणि तो गुलबर्ग्याला उतरला.

रायचूरला दुपारी पावणेचारच्या सुमारास पश्चिमेकडून अंधार अक्षरशः धावत आला. ऊन आधी पितळी झालं, सावल्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या धारदार झाल्या, मग एकदम विझलं. शुक्र दिसला. काळ्या चकतीभोवती पांढरी पिसं पसरल्यासारखी प्रभा होती. अडीच मिनिटं असेल. एक म्हातारा शेजारी हात जोडून उभा होता, तो उजेड परत आल्यावरही तसाच उभा राहिला.

परत येताना गुलबर्ग्याला मित्र गाडीत चढला. आम्ही बोलायच्या आधीच म्हणाला, "काय विशेष नाही, जरा ढगाळल्यासारखं झालं." आम्ही दोघं काही बोललोच नाही त्याला. काय सांगणार?

इथे सोलापुरात घरच्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. रस्ते ओस होते म्हणे.

नीता_कलबुर्गी

काका, माफ करा पण हे पटत नाही. माझ्या सासूबाई गुलबर्ग्याच्याच. त्या सांगतात की १९८० ला इथे पूर्ण अंधार झाला होता, पाखरं घरट्याकडे गेली, त्यांनी देवापुढे दिवा लावला. तुमचा मित्र कदाचित झोपला असेल.

होटगीरोडकर

नीताताई, काकांच्या आठवणीत आणि सासूबाईंच्या आठवणीत भांडण असेलच असं नाही.

पट्ट्याची मधली रेषा रायचूर शहराच्या अगदी जवळून गेली. रायचूर जिल्ह्यात जवळगेऱ्याला भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा तळ पडला होता, आणि तिकडे हैदराबादजवळ जपाल-रंगापूरची वेधशाळाही याच पट्ट्यात होती. पट्ट्याची रुंदी सव्वाशे-दीडशे किलोमीटर धरा. म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साठ-सत्तर. मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर गुलबर्गा त्या रेषेपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर येतं आणि सोलापूर दोनशेच्या पुढे. यादगीर जेमतेम आत. म्हणजे गुलबर्गा शहर पट्ट्याच्या बाहेरच राहिलं. सूर्य जवळजवळ सगळा झाकला, पण एक बारीक कोर उरली.

आणि त्या कोरीवरच सगळं अवलंबून असतं. पूर्ण सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. त्याचा शंभरावा भाग उरला तरी चार हजार चंद्रांचा उजेड. उजेड पिवळट, मंद, विचित्र होतो, हवा गार पडते, पाखरं गोंधळतातही. दारं लावलेल्या घरात दिवा लावावासा वाटेल इतका अंधार नक्की होतो. पण प्रभा दिसत नाही, तारे दिसत नाहीत. काकांच्या मित्राला "ढगाळल्यासारखं" वाटलं, ते अगदी बरोबर वर्णन आहे.

सावली इतकी लहान का, तेही याच्यातच आहे. चंद्राची गडद सावली सुळक्यासारखी निमुळती होत जाते आणि साधारण पावणेचार लाख किलोमीटरवर तिचं टोक येतं. चंद्र आपल्यापासून असतो ३ लाख ५६ हजार ते ४ लाख ७ हजार किलोमीटर. म्हणजे सुळक्याचं टोकच कसंबसं आपल्याला टेकतं. कधी टेकतच नाही, तेव्हा कंकणाकृती. २६ डिसेंबर २०१९ ला कोइमतूरकडे तसं झालं होतं, आपल्याकडे खंडग्रास होतं. पृथ्वीच्या सावलीचा सुळका मात्र चौदा लाख किलोमीटर लांब. चंद्राच्या अंतरावर तो अजून सुमारे ९,२०० किलोमीटर रुंद असतो. चंद्र ३,४७४ किलोमीटरचा. अडीच चंद्र एका रांगेत मावतील.

करमाळेकर

काका सोलापूरहून पुढच्या बाजूला रायचूरचं सांगतात, मी मागच्या बाजूचं सांगतो. आमचं जेऊर! पुण्याच्या गाडीत कुर्डुवाडी, केम आणि मग जेऊर. २२ जानेवारी १८९८ ला भर दुपारी जेऊरला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल दुर्बिणी घेऊन तिथे येऊन राहिले होते. पुण्याचे प्रोफेसर नायगमवालाही जेऊरलाच आले होते, त्यांनी त्यावर अहवाल छापला, त्याच्या नावातच जेऊर आहे. तिकडे विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. जेऊरचं फार कोणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. सोलापूर जिल्ह्यातलं लहानसं स्टेशन, आणि सगळं जग तिथे दोन मिनिटांच्या अंधारासाठी आलं होतं.

आमच्या पणजोबांच्या तोंडची एक गोष्ट घरात चालत आली आहे, की तेव्हा सोलापूर शहरातही दिवसा चांदण्या दिसल्या. ते खरं असेल का?

होटगीरोडकर

करमाळेकर, हे इथे लिहिलंत त्याचा खरोखर आनंद झाला.

शहरात चांदण्या दिसणं अवघड आहे. १८९८ चा पट्टा १९८० पेक्षाही अरुंद होता, शंभर किलोमीटरपेक्षा कमी. विजयदुर्ग आणि जेऊर या दोन्ही ठिकाणांवरून रेघ ओढून पाहिली, तर सोलापूर शहर तिच्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास दक्षिण-पूर्वेला पडतं. अर्धी रुंदी पन्नाससुद्धा नाही. त्यामुळे शहर बाहेर. शुक्र एखाद्याला दिसला असेल का? सूर्य खूप झाकलेला असताना तीक्ष्ण नजरेच्या माणसाला तो दिसू शकतो, त्यामुळे गोष्टीत काही खरं असेलही. पणजोबा त्या दिवशी नेमके कुठे होते हे कळलं तर जास्त सांगता येईल.

पण बघा, एकच लोहमार्ग. एका टोकाला जेऊर, दुसऱ्या टोकाला रायचूर. ८२ वर्षांत दोन खग्रास सूर्यग्रहणं या मार्गाला आडवी गेली. एक आपल्या मागून, एक आपल्या पुढून. सोलापूर शहर दोन्ही वेळा बाहेर. कुठल्याही एका गावाला खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं, ते असं.

अक्षय_एमआयडीसी

म्हणजे मी म्हटलं तेच. सूर्यग्रहणं दुर्मिळ, चंद्रग्रहणं जास्त.

होटगीरोडकर

नाही हो, तिथेच उलटं आहे. एका गावातून दुर्मिळ, पण सगळ्या पृथ्वीचा हिशेब केला तर सूर्यग्रहणंच जास्त. शंभर वर्षांत खंडग्रास-कंकणाकृती सगळी धरून सुमारे २४० सूर्यग्रहणं होतात. गडद सावलीतली चंद्रग्रहणं, म्हणजे जी आपण पंचांगात पाळतो ती, दीडशेच्या आसपास.

कारण असं की सूर्य मोठा आणि पृथ्वी लहान, त्यामुळे दोघांच्या कडा जोडणाऱ्या रेषा नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जातात. चंद्र पृथ्वीच्या अलीकडे, सूर्याच्या बाजूला असतो तेव्हा ते नरसाळं पृथ्वीपेक्षा रुंद असतं, सोळा हजार किलोमीटरच्या पुढे. पलीकडच्या बाजूला तेच ९,२०० किलोमीटर. चंद्राला रुंद तोंडात शिरणं सोपं, अरुंद तोंडात अवघड. अमावस्येला तो नरसाळ्याला नुसता चाटून गेला तरी पृथ्वीवर कुठेतरी खंडग्रास होतंच. फक्त ते "कुठेतरी" बहुतेक वेळा समुद्र किंवा ध्रुवाकडचा बर्फ असतो.

२१ तारखेचं तसंच आहे. सावलीचा गडद सुळका पृथ्वीच्या दक्षिणेकडून बाहेरच निघून जाणार. फक्त फिकी सावली न्यूझीलंड आणि अंटार्क्टिकाच्या बाजूला पडणार. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा ते पहाटेचे साडेतीन.

अक्षय_एमआयडीसी

हे नरसाळ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. चित्र काढून बघितलं, पटलं. पण ५ अंशांचं माझंही मुलासारखंच आहे. ५ अंश म्हणजे लेथवर टूल थोडं वाकडं लागलं तेवढं. तेवढ्याने महिन्या-महिन्याला चुकतं कसं?

होटगीरोडकर

स्वातीताई, मुलाला घेऊन स्वयंपाकघरात जा. साहित्य सांगतो. एक फूट व्यासाचं ताट, पाण्याने भरलेलं घमेलं, ज्वारीचा एक टपोरा दाणा, एक मूग, एक मोहरी.

ताटाचा काठ म्हणजे चंद्राची वाट. मधोमध पृथ्वी. या मापात पृथ्वी पाच मिलिमीटर, म्हणजे ज्वारीचा दाणा. चंद्र दीड मिलिमीटरच्या आतला, म्हणजे मोहरी. काठापाशी पृथ्वीच्या सावलीची रुंदी साडेतीन मिलिमीटर, म्हणजे मूग. पाण्याची पातळी म्हणजे ज्या सपाटीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती. सावली कायम पाण्याच्या पातळीतच राहणार, वर नाही, खाली नाही.

आता ताट अर्धं बुडवा आणि अगदी किंचित तिरकं करा. एका बाजूचा काठ पाण्याच्या १३ मिलिमीटर वर, समोरचा तेवढाच खाली. हेच तुमचे पाच अंश. दिसायला काहीच नाही, पण मोहरी १३ मिलिमीटर वर आणि मूग साडेतीन मिलिमीटरचा. कुठे गाठ पडणार?

काठ पाण्याला फक्त दोन ठिकाणी छेदतो. तेच राहू आणि केतू. गाठ पडायची तर तिथेच किंवा अगदी शेजारी.

स्वाती_जुळेसोलापूर

केलं! आताच केलं, हात अजून ओले आहेत. ताट स्थिर राहीना, शेवटी एका बाजूला वाटी पालथी घालून टेकवलं. मुलाने पट्टी लावून १३ मिलिमीटर मोजलं, आणि मूग काठाजवळ धरून म्हणाला, "आई, हा तर कुठल्या कुठे चुकतोय." मग स्वतःच काठावरून बोट फिरवत पाण्याच्या रेषेपाशी थांबला.

आता तो विचारतो की राखीपौर्णिमेला मोहरी नेमकी कुठे होती?

होटगीरोडकर

वा! हा प्रश्न मी घरी करून बघितला आहे, त्यामुळे आकडे हाताशी आहेत.

सूर्य रोज सुमारे एक अंश सरकतो, म्हणून सावलीही रोज एक अंश सरकते. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत २९ अंश. शिवाय राहू-केतू स्वतः उलट्या दिशेने सरकतात, महिन्याला दीड अंश. म्हणजे पौर्णिमा दर वेळी छेदबिंदूच्या मानाने साधारण ३० अंश पुढे जाते.

७ सप्टेंबरला चंद्र राहूपासून फक्त तीन अंश अलीकडे होता. तुमच्या ताटावर पाण्याच्या खाली जेमतेम पाऊण मिलिमीटर. मूग साडेतीनचा, म्हणून मोहरी पूर्ण आत बुडाली, ८२ मिनिटं बुडाली.

९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला, तो छेदबिंदूपासून ३३ अंश मागे होता. पाण्याच्या खाली सात मिलिमीटर. आकाशात सावलीच्या पावणेतीन अंश दक्षिणेला. ६ ऑक्टोबरच्या कोजागरीला तो छेदबिंदू ओलांडून पुढे गेलेला असेल, पाण्याच्या वर सहा मिलिमीटर, सावलीच्या जवळपास अडीच अंश उत्तरेला. सावलीच्या मध्यापासून पाच चंद्र एकावर एक ठेवले तर भरेल एवढं अंतर. म्हणून दूध निवांत आटवा, कोजागरीचा चंद्र पूर्ण पांढराच असणार.

सुमन_मावशी

मग ही दोन ग्रहणं पंधरा दिवसांच्या अंतराने का येतात? आमच्याकडे म्हणायचे, एका पक्षात दोन ग्रहणं म्हणजे अशुभ.

होटगीरोडकर

मावशी, ती जोडीनेच यायची. सूर्य राहूजवळ असला की समोरच्या बाजूला केतू असतोच. सूर्य त्या भागात महिनाभर रेंगाळतो. सूर्यग्रहण व्हायला छेदबिंदूपासून १५ ते १८ अंशांच्या आत असलं तरी चालतं. दोन्ही बाजूंचे धरले तर एकतीसहून जास्त दिवस. दोन अमावस्यांमध्ये अंतर साडेएकोणतीस दिवस. म्हणजे एक अमावस्या या काळात सापडणारच, ती निसटू शकत नाही. त्यामुळे दर अशा काळात एक सूर्यग्रहण पक्कं, आणि बहुतेक वेळा शेजारच्या पौर्णिमेला चंद्रग्रहण. चंद्राची मर्यादा कमी, १० ते १२ अंश, त्यामुळे ते कधीकधी हुकतं.

मग सूर्य दुसऱ्या बिंदूपाशी पोचायला १७३ दिवस लागतात. बरोबर सहा महिने लागले असते, पण राहू-केतू समोरून चालत येतात, म्हणून थोडं लवकर. आता पुढचा काळ फेब्रुवारी-मार्च. १७ फेब्रुवारी २०२६ ला कंकणाकृती, तेही अंटार्क्टिकाकडे. ३ मार्चला फाल्गुन पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण. पण खग्रास भाग आपल्याकडे साडेपाचला संपतो, तेव्हा चंद्र उगवलेलाच नसेल. सोलापुरात तो साडेसहानंतर ग्रस्तोदित उगवेल आणि ६:४७ ला सुटेल. दहा-बारा मिनिटं, तीही क्षितिजालगत आणि संधिप्रकाशात. पूर्वेला मोकळं माळरान असलेली जागा आधी बघून ठेवा.

रेल्वेवाले_काका

माळरानाची जागा मी सांगतो. बोरामणीच्या पुढे पूर्वेकडे एकही डोंगर आडवा येत नाही. आम्ही येऊ.

नीता_कलबुर्गी

आज सासूबाईंना परत विचारलं. नीट आठवून म्हणाल्या, त्या तेव्हा लग्नाआधी माहेरी होत्या. माहेर शोरापूरचं. मी उगाच गुलबर्गा शहर धरून बसले होते. तारे दिसले का विचारलं, तर म्हणाल्या, "आई बाहेर सोडत नव्हती, दाराच्या फटीतून अंगण दिसत होतं तेवढंच. अंगण काळं झालं होतं." शोरापूर पट्ट्यात होतं का?

होटगीरोडकर

शोरापूर यादगीरच्या पश्चिमेला, आणि गुलबर्ग्यापेक्षा रेषेच्या बरंच जवळ. माझ्या पट्टीच्या हिशेबाने आतल्या बाजूला कडेपाशी येतं, पण कडेवर पाच-दहा किलोमीटरची चूक माझ्याकडून सहज होईल. खात्रीने नाही सांगू शकत. सासूबाईंना एवढंच विचारा, अंगण काळं झालं ते हळूहळू, की दिवा घालवल्यासारखं एकदम? एकदम झालं असेल तर त्या आत होत्या.

नीता_कलबुर्गी

विचारलं. म्हणाल्या, "एकदम. मी फटीपासून मागे सरले."